कोण वाचतं ते सांगा

ग्रंथपालबाईंच्या डोक्यात एखादी गोष्ट शिरली की ती तडीस नेल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही. या खेपेला डोक्यात शिरलं ते एक कपाट.

वाचनालयात प्रेमकथांना तोटा नव्हता, पण बहुतेक सगळ्या एकाच साच्यातल्या. तो देखणा, ती लाजाळू, मध्ये कोणाचा तरी बाप. बाईंनी मात्र वर्षानुवर्षं हळूच वेगळीही पुस्तकं घेतली होती. साठी उलटलेल्या विधुराचं शेजारणीशी जुळतं ते. चाकांच्या खुर्चीतल्या बायकोचं आणि तिच्याशी कडाकडा भांडणाऱ्या नवऱ्याचं. दोन पुरुषांच्या संसाराचं, दोन बायकांच्या संसाराचं. जन्मापासून मुलगा म्हणून वाढवलेल्या एका बाईचं आणि तिच्यावर जीव टाकणाऱ्या ट्रकड्रायव्हरचं. अंगाला हात न लावताही एकमेकांवाचून ज्यांचं पान हलत नाही अशा दोघांचं. ही पुस्तकं लेखकांच्या नावाप्रमाणे बाकीच्या गर्दीत विखुरलेली होती. ज्याला हवी त्याला सापडणार कशी, असं बाईंच्या मनाने घेतलं. मग त्यांनी ती सगळी गोळा केली, दाराशीच काचेच्या कपाटात मांडली आणि वर ठसठशीत पाटी लावली: ‘प्रेमाच्या नाना तऱ्हा’.

हेतू चांगला होता, त्याबद्दल वाद नाही. पण कपाट आलं ते बरोबर वाचनालयाच्या चिटणीसांच्या टेबलासमोर. चिटणीस दुपारभर तिथे पेपर चाळत बसत, आणि पेपरपेक्षा माणसं जास्त वाचत.

त्या दिवसापासून खारूताई यायची बंद झाली.

खारूताई हे नाव बाईंनी मनातल्या मनात ठेवलेलं. ती चिटणीसांचीच मुलगी, कॉलेजात शिकणारी. कोपऱ्यातल्या बाकावर भलाथोरला माहितीकोश उभा करायची आणि त्याच्या आडोशाला दोन बायकांच्या संसाराची ती कादंबरी वाचायची. घरी कधी नेली नाही. नेली असती तर तिच्या नावावर नोंद झाली असती, आणि नोंदी चिटणीस बघत. उठताना ती पुस्तक भूगोलाच्या जाडजूड पुस्तकांमागे सारून जायची, दुसऱ्या कोणी उचलू नये म्हणून. बाईंना सगळं दिसायचं. त्यांनी ते पुस्तक तिथून कधी हलवलं नव्हतं. कपाट भरताना मात्र हलवलं.

तेव्हा त्यांनी पाहिलं होतं, पान मध्यावरच दुमडलेलं होतं. त्यातल्या एकीचं लग्न ठरतं आणि दुसरी सामान बांधते, ते पान.  त्या पोरीच्या वयात बाईंनी स्वतः अशा ज्या दोन-चार गोष्टी मिळवून वाचल्या होत्या, त्यात तशा बाईला शेवटी नदी तरी होती, नाहीतर वेड्यांचं इस्पितळ. नाहीतर ती नुसती चेष्टेचा विषय. दुसरं काही वाचायलाच मिळालं नव्हतं, म्हणून आपल्यापुढेही एवढंच आहे हे त्या धरून चालल्या होत्या. आता ही पोर अर्ध्यावर थांबलेली. पुढचं ती मनाने रचणार, आणि रचायला तिच्याजवळ दुसरं काय होतं?

महिना उलटला. कपाटाकडे कोणी फिरकेना. लोक दारातून आत येताना त्याच्याकडे पाठ करून चालायचे. साठीतल्या विधुराची गोष्ट दर पावसाळ्यात वाचनालयातच बसून वाचणारे आजोबासुद्धा नुसते खाकरून पुढे जात.

"काय चुकलं गं माझं?" बाईंनी घरी सिस्टरला विचारलं. सिस्टर म्हणजे निवृत्त नर्स, बाईंबरोबर एका घरात राहणारी. जगाच्या लेखी मैत्रीण.

सिस्टर मटार सोलत होती. "विशीत तू त्या कपाटासमोर उभी राहिली असतीस?"

"चिटणीसांसमोर? मेले असते."

"मग? माणसाला लपून वाचता येत होतं, ती जागा तू काचेत घातलीस. वर पाटी लावलीस. रोग्यांचा वेगळा वॉर्ड करतात तसं."

बाईंना राग आला, कारण ते खरं होतं. त्या रात्रभर कूस बदलत राहिल्या.

सकाळी त्या लवकरच वाचनालयात गेल्या, पण चिटणीस त्यांच्याही आधी हजर. कपाट उघडं, पुस्तकं टेबलावर रचलेली आणि शेजारी सुतळी.

"रद्दीवाला येतोय," चिटणीस म्हणाले. "महिनाभरात एकही पुस्तक घरी गेलं नाही. त्याआधीही नाही. मी नोंदी पाहिल्या."

"घरी नेत नाहीत. इथे बसून वाचतात."

"कोण?"

"वाचतात."

"अहो, कोण ते सांगा ना! आपल्याकडे असले लोक आहेत तरी का? एक नाव सांगा, बाई. एकच. पुस्तकं ठेवतो."

 नाव बाईंच्या ओठावर होतं, आणि ते या माणसाच्याच घरातलं होतं. ते उच्चारलं असतं तर पुस्तकं बचावली असती आणि पोर मेली असती. न उच्चारावं तर पोरीच्या हाती अर्धी गोष्ट उरणार होती. वाचक काय वाचतो ते तिसऱ्याला सांगायचं नाही, हा नियम त्यांनी जन्मभर पाळला होता. आज तो पाळणं पुरेसं नव्हतं. चिटणीसांनी सुतळीचा वेढा घातला.

"माझं नाव घ्या," बाई म्हणाल्या.

"तुम्ही ग्रंथपाल. तुम्ही वाचणारच."

"ग्रंथपाल म्हणून नाही. मी आणि सिस्टर. घरात दोघी राहतो त्या मैत्रिणी म्हणून नाही राहत. तुम्ही विचारलंत ना, असले लोक आहेत का? तुमच्यासमोर उभी आहे."

चिटणीसांचा हात सुतळीवर तसाच राहिला.  सिस्टरला न विचारता तिचंही नाव बाई बोलून बसल्या होत्या, आणि बोललेलं परत घेता येत नाही.

"इतकी वर्षं..." चिटणीस म्हणाले. मग आवाज चढला. "हे मी कार्यकारिणीपुढे ठेवणार. तुमच्या नोकरीचंही तिथेच ठरेल."

"ठेवा. पण तुम्ही शब्द दिलाय. तोवर पुस्तकं इथेच."

चिटणीस पेपर तिथेच टाकून तरातरा निघून गेले. बाईंनी पाटी उतरवली आणि प्रत्येक पुस्तक त्याच्या जुन्या जागी नेऊन ठेवलं. एक तेवढं त्यांनी भूगोलामागे सारलं. मग सिस्टरला फोन केला.  "मला विचारायला हवं होतंस," सिस्टर म्हणाली. "घरी ये. मग बघते तुझ्याकडे."

दुपारी चिटणीसांची खुर्ची रिकामी होती. बाप आज घरीच आहे हे पाहून खारूताई दारात आली, तिने खुर्चीकडे पाहिलं, कपाटाच्या रिकाम्या काचेकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. तरी ती भूगोलापाशी गेली. मग माहितीकोश उभा राहिला. बाई खिडकीशी बसून तारखेचे शिक्के पुसत राहिल्या. एका कोऱ्या कागदावर त्यांनी उगाच दहा वेळा शिक्का मारला.

दिवे लावायच्या वेळेस पोर टेबलाशी आली. डोळे लाल.

"बाई, हे संपतं ते..." तिने पुस्तक टेबलावर ठेवलं. "त्या म्हाताऱ्या होतात. आणि ओल्या टॉवेलवरून भांडतात. पलंगावर का टाकलास म्हणून."

"हो."

"कोणी मरत नाही?"

"कोणीच नाही."

"नुसतं भांडून झोपतात?"

"झोपतात. सकाळी चहा कोणी करायचा त्यावरून पुन्हा भांडतात. ते पुस्तकात नाही, पण मला माहीत आहे."

पोरीने बाईंकडे पाहिलं. एकदा पाहिलं, मग नीट पाहिलं. ती हसली आणि हसता हसता टेबलाची कड धरून रडायला लागली.