गायीचं दूध आणि वाकलेली रेघ

आमच्या प्रयोगशाळेत एक गाय आहे. बाटलीच्या झाकणाएवढी, प्लास्टिकची, दोन्ही बाजूंना बारीक नळीचं तोंड असलेली. तिच्या पोटात थोडंसं किरणोत्सारी सीझियम घट्ट चिकटवून बसवलेलं असतं. सीझियम सावकाश मोडत जातं आणि त्यातून बेरियम जन्माला येतं, तेही स्वस्थ न बसणारं, अंगातली जास्तीची ऊर्जा गॅमा किरणांच्या रूपानं टाकून शांत होणारं. इंजेक्शनच्या सिरिंजनं मीठ आणि किंचित आम्ल घातलेलं पाणी एका तोंडातून ढकललं की दुसऱ्या तोंडातून थेंब येतात. त्या थेंबांबरोबर फक्त बेरियम येतं, सीझियम आतच राहतं. याला जगभर दूध काढणं म्हणतात, म्हणून ती गाय. मीरा रोडच्या परदेशी बोर्डाच्या शाळेत मी फिजिक्स शिकवते, आणि दर वर्षी गाय म्हटल्यावर मुलं हसतात. मीही हसते. पण मनातून मी त्या गायीला घाबरते.

मी मुळातच घाबरट. गॅस बंद केला का ते बघायला अर्ध्या जिन्यातून परत जाणारी. त्यात दोन वर्षांपूर्वी माझी लेक माझ्याच वर्गात होती. शिक्षकांच्या मुलांना आमच्या शाळेत फी कमी, त्यामुळे तिला तिथे घालणं भागच होतं. ती वर्गात काय करते, कुणाशी बोलते, हे सगळं डोळ्यांसमोर. आणि नको तेही डोळ्यांसमोर.

प्रयोग साधा आहे. थेंब एका छोट्या वाटीत घ्यायचे, वाटी किरण मोजणाऱ्या गायगर काउंटरच्या नळीखाली ठेवायची आणि दर मिनिटाच्या सुरुवातीला अर्धा मिनिट आकडे मोजायचे. बेरियमचं अर्धायुष्य अडीच मिनिटांच्या जरा वर. म्हणजे तेवढ्या वेळात आकडा निम्मा, पुन्हा तेवढ्यात त्याच्या निम्मा. हे साध्या कागदावर काढलं तर घसरगुंडीसारखी वाकडी रेघ येते. म्हणून सेमी-लॉग कागद. त्यावर वेळेच्या रेघा सारख्या अंतरावर असतात, आकड्यांच्या मात्र वर जाता जाता दाटत जातात. दहा ते शंभरला जेवढी उंची, तेवढीच शंभर ते हजारला. निम्मं होत जाणारं काहीही या कागदावर सरळ रेघ होऊन उतरतं. रेघेवर कुठेही आकडा निम्मा होईल तेवढं अंतर मोजा, अर्धायुष्य हातात.

एक गोष्ट मात्र आधी वजा करावी लागते. काउंटर रिकामाही टिकटिकतो. भिंतीतून, आभाळातून येणारं काहीबाही मोजत असतो. ते मी सकाळी गाय स्टोअररूमच्या पेटीत बंद असताना मोजते आणि फळ्याच्या कोपऱ्यात चौकटीत लिहून ठेवते. लेकीच्या वर्गाचा हा प्रयोग होता त्या दिवशी लिहिलं होतं बारा. दिवसभर सगळ्या जोड्यांनी तेच वापरायचं, ही आमची पद्धत.

लेकीची जोडी एका गुजराती मुलीबरोबर होती. मी शेजारच्या टेबलावर दुसऱ्या जोडीचं सर्किट बघत होते. लेकीनं एका हातातला ग्लोव्ह काढला होता, कारण ग्लोव्ह घालून मोबाइलचं स्टॉपवॉच सुरू होत नव्हतं. मैत्रीण सिरिंज दाबत होती, ही उघड्या हातानं वाटी सरकवायला गेली आणि थेंब हातावर पडला.

"मॅडम, इसके हाथ पे गिरा!"

मी धावले. "पुसू नकोस, नळाखाली धर. साबण लाव." आवाज मी अगदी बेताचा ठेवला होता. बाकीच्या मुलांना सांगितलं, "बेरियम आहे, अर्ध्या तासात नाहीसं होतं. आपण रडून होईपर्यंत ते संपलेलं असतं." मुलं हसली. लेकही हसली. मैत्रिणीनं तेवढ्यात वाटी नळीखाली ठेवून मोजणी सुरू केली होती, आणि लेक हात पुसत तिच्या शेजारी जाऊन आकडे कागदावर मांडायला लागली. मी हुश्श केलं.

पहिले आठ-नऊ बिंदू झकास उतरले. पट्टी लावून आखल्यासारखे. मी मागे उभी राहून बघत होते आणि आईपणाचा थोडा माजही चढला होता. मग दहाव्या मिनिटाच्या पुढे बिंदू पट्टीवरून वर सरकायला लागले. रेघेला शेपूट फुटलं आणि ते आडवं झालं. बारा वजा केल्यावर आकडे शून्याकडे जायला हवे होते. ते पन्नासच्या आसपास ठाण मांडून बसले. विसाव्या मिनिटाला तेच, बाविसाव्याला तेच.

"मॅडम, हे खाली का जात नाहीये?" लेकीनं विचारलं.

खाली न जाणारं शेपूट म्हणजे वाटीत असं काहीतरी आहे जे अडीच मिनिटांत निम्मं होत नाही. गाय जुनी झाली, आतला चिकटा सुटला, तर दुधाबरोबर सीझियमही बाहेर येतं. हे मी दर वर्षी शिकवते आणि आजवर कधी पाहिलं नव्हतं. सीझियमचं अर्धायुष्य तीस वर्षं.

आणि त्याच दुधाचा थेंब तिच्या हातावर पडला होता.

एवढ्याशा सीझियमनं काही होत नाही, हे माझ्या डोक्याला ठाऊक होतं. पण डोकं त्या घटकेला कामाचं नव्हतं. मी वाटी उचलून लांब ठेवली आणि तिला म्हटलं, "हात आण इकडे." तिनं हात नळीखाली धरला. अर्ध्या मिनिटात एकसष्ट. पुन्हा मोजलं, अठ्ठावन्न. फळ्यावर बारा. मी तिला परत नळाकडे पाठवलं, स्वतः तिच्या बोटांच्या बेचक्यांतून, नखांतून साबण फिरवला, जोरात. पुन्हा मोजलं. त्रेसष्ट.

"आई," ती हळूच म्हणाली, "दुखतंय. किती घासतेयस?"

वर्गात ती मला कधी आई म्हणत नसे. मैत्रीण रडवेली होऊन म्हणाली, "आंटी, डॉक्टर के पास जाना पड़ेगा क्या?" मला तिच्यावर ओरडावंसं वाटलं, सिरिंज कुणी इतक्या जोरात दाबायला सांगितली होती म्हणून. नाही ओरडले. प्रिन्सिपलांना फोन लावायला मोबाइल काढला आणि काय बोलायचं ते जुळवायला लागले. 'सर, वाटीत अजून साठ येतायत आणि मुलीच्या हातावरही साठ येतायत.' हे वाक्य मनात दुसऱ्यांदा म्हटलं आणि मी थांबले.

दोन्हीकडे साठ कसे?

वाटीत दुधाचे भरपूर थेंब होते. हातावर पडला एक, तोही साबणानं दोनदा धुतलेला. सीझियम दोन्हीकडे असेल तर वाटी बोंबलायला हवी आणि हात कुजबुजायला हवा. दोघांचा आकडा सारखा कसा येईल? मी लेकीचा हात नळीखालून बाजूला काढला आणि नुसती रिकामी नळी मोजली. साठ.

"गाय कुठंय?" मी विचारलं.

नेहमी दूध काढून झालं की मीच गाय पेटीत घालून स्टोअररूममध्ये ठेवते. थेंबाच्या धांदलीत ते राहून गेलं होतं. लेकीनं टेबलाच्या मागच्या कडेला बोट दाखवलं. तिथे विजेच्या प्रयोगांचा लाकडी रेझिस्टन्स बॉक्स होता आणि त्याच्या आड, काउंटरपासून जेमतेम वीतभर, गाय.

"कुणाचा धक्का लागून पडू नये म्हणून आड ठेवली," ती म्हणाली. "लाकूड आहे ना मध्ये."

लाकडाला गॅमा किरण कशाला जुमानतात? गाय तिथूनच नळीला दिसत होती. शिवाय दूध काढलेल्या गायीत बेरियम पुन्हा भरत येतं. वाटीतलं ज्या वेगानं संपतं, त्याच वेगानं गायीतलं परत वाढतं. म्हणजे गाय पेटीत असताना मोजलेला फळ्यावरचा बारा हा आकडा दूध काढलं त्या क्षणापासूनच खोटा होता, आणि शेपूट वाटीचं नसून गायीचं होतं.

मी गाय पेटीत घालून स्टोअररूममध्ये ठेवून आले आणि लेकीचा हात पुन्हा नळीखाली धरला. अकरा. पुन्हा, तेरा. पुन्हा, बारा. चौथ्यांदा मोजायला लागले तेव्हा तिनं हात ओढून घेतला. वाटी मोजली, तीही तेवढीच. मला तिथेच बसून रडावंसं वाटलं, पण चाळीस डोळे बघत होते. मी खडू घेतला आणि चौकटीतला बारा पुसून टाकला. "बारा नाही, साठ वजा करा," म्हटलं. लेकीनं नवा सेमी-लॉग कागद घेतला आणि तेच आकडे, साठ वजा करून, पुन्हा मांडले. शेपूट गेलं. शेवटचे दोन बिंदू जरा इकडेतिकडे, बाकी सरळ रेघ. उत्तर आलं दोन मिनिटं चौतीस सेकंद. मैत्रिणीनं टाळ्या वाजवल्या.

शाळा सुटल्यावर आम्ही रिक्षानं भाईंदर पश्चिमेला घरी निघालो. लेकीचा हात घासून लाल झाला होता. मी तो मांडीवर घेऊन बसले होते आणि तिनं तो राहू दिला.

"आई, खरंच सीझियम असतं तर?"

"काही झालं नसतं. फार थोडं असतं ते."

"मग तुझा चेहरा तसा का झाला होता? मला थेंबाची नाही, तुझ्या तोंडाकडे बघून भीती वाटली."

"असतं तर मी रोज मोजला असता तुझा हात," मी म्हटलं. "लग्न झालं तरी. काउंटर घेऊन सासरी आले असते."

ती हसली. फाटकाशी रिक्षा अडकली होती, रिक्षावाला समोरच्या टेम्पोला हिंदीत शिव्या देत होता. लेक मोकळ्या हाताच्या बोटांवर काहीतरी हिशोब करत होती.

"तीस वर्षांनी मी सत्तेचाळीस," ती म्हणाली. "तू शहात्तर. आणि तेव्हा फक्त अर्धंच गेलेलं असणार गं. उरलेलं अर्धं कोण मोजणार होतं?"

रिक्षा हलली. मी तिचा हात अजून थोडा घट्ट धरला, आणि ती म्हणाली, "आई, दुखतोय तो."