आमच्या बोलीतला ‘ण’

आमची बोली मोखाड्याच्या पाड्यांवर बोलतात. ती लिहिली कधी कुणी नव्हती. मी त्याच पाड्यांतली, पुढे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका झाले. पहिलीच्या पोरांना आधी त्यांच्याच बोलीत वाचायला शिकवायचं ठरलं, तेव्हा जव्हारला बैठक बसली. पुण्याहून एक भाषातज्ज्ञ बाई आल्या होत्या.

त्यांनी आमच्याकडून शब्द पुन्हा पुन्हा बोलून घेतले. लिपी देवनागरीच, यावर वाद नव्हता; पोरांना पुढे मराठीच शिकायची होती. पण ‘न’ आणि ‘ण’ आमच्या तोंडी एकच. ऱ्हस्व-दीर्घानेही आमच्याकडे अर्थ बदलत नाही. बाई म्हणाल्या, “जो फरक पोरांच्या कानाला नाही, तो त्यांनी पाठ का करायचा?” मग ‘ण’ काढला. वेलांटी एकच ठेवली, दीर्घ, कारण मराठीत बहुतेक शब्दांच्या शेवटी तीच येते.

पोरं दिवाळीच्या आत वाचायला लागली. सगळ्यांत पुढे माझ्या चुलत भावाची मुलगी. ती चुलीपाशी बसून मोठ्याने वाचायची आणि तिची आई भाकरी थापता थापता थांबून ऐकायची.

नंतर आम्ही मराठीही शिकवली, पण तिच्या हाताला पहिलं वळणच राहिलं. पाचवीला ती आश्रमशाळेत गेली. सहामाहीच्या पेपरात ‘पानी’, ‘कोन’, ‘दीवस’ यांना लाल गोल पडले. सरांनी तिचा पेपर वर्गात वाचून दाखवला. सगळे हसले. दिवाळीच्या सुट्टीत घरी आली ती परत गेली नाही. आईबाप भिवंडीकडे वीटभट्टीवर निघाले होते, तीही त्यांच्याबरोबर जाणार होती.

निघायच्या आदल्या दिवशी वहिनी शाळेत आली.

“ताई, ती चुकली का?”

“नाही वहिनी. आपल्या बोलीत ते बरोबरच आहे.”

“मग मार्क कुठल्या बोलीत देतात?”



पुढच्या बैठकीत बऱ्याच पालकांनी हेच विचारलं. ‘ण’ आणि दोन्ही वेलांट्या परत आणा म्हणाले. बाई म्हणाल्या, “मग पोरांना प्रत्येक शब्द मराठीत कसा लिहितात ते आधी माहीत असावं लागेल. आणि जे शब्द मराठीत नाहीतच, त्यांना कुठली वेलांटी देणार?” हात वर करून मत घेतलं. मीही ‘ण’च्या बाजूने हात वर केला.

‘ण’ आणि दोन्ही वेलांट्या असलेली नवी पुस्तिका आली. पोरं तिच्यात अडखळतात. माझ्या वर्गात निम्मी पोरं अजून अक्षरांवर बोट ठेवूनच बसलेली असतात.

पावसाळ्याच्या तोंडाला भट्टीवरची माणसं परत आली. मी पुस्तिका घेऊन भावाच्या घरी गेले. पोरगी अंगणात होती, हाताचे तळवे सोललेले. मी पुस्तिका पुढे केली. तिने घेतली नाही.

“मला वाचता येत नाही, आत्या,” ती म्हणाली, आणि धाकट्या भावाला कडेवर घेऊन शेताकडे निघून गेली.