आमच्या मिठागराच्या नावाने जोडलेला फोटो

अहवालाची प्रत हाती पडली तेव्हा माझे डोके तापले. पेडण्यातील आमच्या गावचे मिठागर ‘पडीक’ ठरवून एका कंपनीने तेथे रिसॉर्टची परवानगी मागितली होती. पुरावा म्हणून ओस, भेगाळलेल्या मिठागराचा फोटो जोडला होता. थोरले बंधू आणि वहिनी आजही त्याच आगरात राबतात. अहवाल मान्य झाला असता तर तेथे मातीचा भराव पडला असता.

पंचायतीच्या सभागृहातील सुनावणीत मी फोटो उंच धरला. “हे आमचे गाव नव्हे. मागे वीटभट्टीचे उंच धुराडे पाहा. आम्ही चिऱ्यांनी घरे बांधतो. या भागात कुठे विटा भाजल्याच, तर त्या रचून, विनाधुराड्याच्या भट्टीत.”

कंपनीचा सल्लागार हसला. “काका, धुराडे कुठेही असू शकते.”

“मान्य. एका दुव्यावर कोणी निकाल मागत नाही. म्हणून दुसरा पाहा. बांबूंच्या आडव्या काठ्यांवर बोंबील जोडीजोडीने टांगले आहेत.”

“अगे बाय!” वहिनी मागून म्हणाल्या. “आमी बांगडो रेंवेर पसरतो. असो दांडयेर कोण टांगता?”

बांगडे वाळूवरच सुकवणारे सारे सभागृह हसले. मी मात्र हसलो नाही. फोटोतील वाफे क्षितिजापर्यंत पसरलेले होते. आमचे वाफे लहान, चिखलाच्या बांधांचे. भरतीचे पाणी मानशीच्या, म्हणजे बांधातल्या लाकडी दाराच्या, वाटेने आत येते. धुराडे, टांगलेले बोंबील आणि असे अफाट वाफे, तिन्ही एकत्र दिसतात तो किनारा मुंबईच्याही उत्तरेचा, बहुधा गुजरातचा. तो आमच्या माथी मारणे म्हणजे खोटा पुरावा सादर करणे होय, असे मी सुनावले. त्या गुन्ह्याच्या शिक्षेचे कलम सांगू लागलो, तोच सुनावणी घेणाऱ्या अधिकारी बाईंनी हात वर केला.

“तुमचे मिठागर किती लांब आहे?”

“ह्या भिंतीच्या पलीकडे.”

“चला तर,” वहिनी म्हणाल्या. “भावजींचे भाषण संपेपर्यंत मीठ विरघळेल.”

सगळे उठून बांधावर आलो. बंधू लांब दांड्याच्या फळीने करडे मीठ वाफ्याच्या कडेला ओढत होते. त्यांनी मान वर केली नाही. “बांधावरून चला. आगरात पाय नको,” एवढेच म्हणाले. सल्लागाराचा बूट तोवर चिखलात रुतला होता. बाईंनी चिमूटभर मीठ जिभेवर ठेवले आणि कारकुनाला तेथेच लिहून घ्यायला सांगितले: फोटो या जागेचा नाही, मिठागर चालू स्थितीत आहे, अहवाल अमान्य.

ती ओळ मी कारकुनाकडून दोनदा वाचून घेतली. तिसऱ्यांदा वहिनींनी वाचायला लावली, आणि या वेळी फळी टेकवून बंधूही ऐकत उभे राहिले.