दुसरा माल उतरवला तेव्हा

मालन परब घाटकोपरला दप्तरांच्या कारखान्यात ऑर्डरी नोंदवायची. नवरा अनंता गिरणीतला. संप लांबत गेला, गिरणी गेली आणि घर हिच्या पगारावर आलं. ‘माझी बायको हाफिसात जाता’ असं अनंता चाळीत अभिमानाने सांगायचा. कारखान्यात मात्र तिच्या कामावर मॅनेजर चंद्रप्रकाशची सतत नजर असायची.

मे महिन्यात, शाळा उघडायच्या आधी, टेम्पो भरत असताना तिला दिसलं की मानखुर्दचे दुकानदार गुणाजी शेठ यांच्या नावाचा माल दोनदा चढत होता. रंग, माप, नग, सगळं तेच. एक ऑर्डर फोनवरून आलेली, दुसरी पोस्टाने. म्हणजे फोननंतर पक्की करायला पाठवलेलं पत्र कुणीतरी नवी ऑर्डर म्हणून चढवलं होतं.

पण शंका म्हणजे खात्री नव्हे. ती मॅनेजरकडे गेली.

“साहेब, विचारून घेऊ का? एक रद्द करायची असेल तर आत्ताच.”

“पत्र आलंय ना सहीचं? जाऊ दे माल. एकदा गेला की तो परत घेत नाही आपण, माहीत आहे ना.”

“म्हणून तर विचारायचं.”

तो उठून गेला. तिने गुणाजीच्या दुकानाशेजारच्या औषधवाल्याचा नंबर फिरवला आणि गुणाजीला बोलवून घेतलं.

“शेठ, मालन बोलतेय. तुमची एकच ऑर्डर दोनदा चढल्यासारखी वाटतेय. दोन्ही हव्यात, की दुसरी रद्द करू? टेम्पो अजून इथेच आहे.”

“अरे देवा! एकच गं. पत्र तर तुमच्याच माणसाने मागितलं होतं. दुसरी रद्द कर. वाट लागली असती माझी, ताई!”

मालनने दुसऱ्या ऑर्डरीवर ‘गिऱ्हाइकाला विचारून रद्द’ असं लिहून सही केली आणि माल उतरवला. चंद्रप्रकाश पाहून गेला.

पुढच्या आठवड्यात गुणाजी पेढे घेऊन आला. मालक समोरच बसलेले. “तुमचा मॅनेजर दोन्ही पाठवत होता म्हणे. ही बाई होती म्हणून वाचलो,” तो मोकळेपणाने बोलला. टेम्पोवाल्याकडून कळलं असणार. त्याला वाटलं, आपण तिचं कौतुक करतोय.

दुसऱ्या दिवशी मालनच्या टेबलावर दुसरीच मुलगी बसली होती. “तुम्ही पॅकिंगला बघा,” चंद्रप्रकाश म्हणाला. मालकांनी मान वर केली नाही. गोदामात उभं राहून खोकी बांधायची, पगारही कमी.

महिन्याभराने गुणाजी माल पाहायला गोदामात आला. तिच्या हातात सुतळी बघून चपापला.

“इथे कशी ताई?”

“तुमच्या पेढ्यांमुळे.”

तो हळूच म्हणाला, “मी बोललो असतो तुमच्या मालकांशी, पण माझी उधारी आहे ना त्यांच्याकडे...”

“नका बोलू,” मालन म्हणाली. “आधीच फार बोललात.”

अनंताला तिने दिवाळीपर्यंत काही सांगितलं नाही. तो चाळीत हाफिसाचंच सांगत राहिला, आणि ती ऐकून आत निघून जायची.