मान वर केलेली मेंढरं

लिंबागणेशच्या माळावर भिवराबाई घोंगड्या विणायची, आणि आभाळ वाचायची. पहिलं काम तिचं स्वतःचं होतं, दुसरं गावानं तिच्या गळ्यात घातलेलं. कुणाला मळणी घालायची असली की माणूस तिच्या दारात यायचा आणि ती कपाळावर हात आडवा धरून सांगायची, "घाल बिनघोर," नाहीतर, "दोन दिस दम खा."

दीड-दोन वर्षांपासून मात्र ती हात कपाळावर नुसताच धरत होती. दूरचं सारं दुधात बुडाल्यासारखं झालं होतं. डोंगराची कड गेली, मग बाभळीचा शेंडा गेला, शेवटी ढगही गेले. नाकाजवळ धरलेला धागा तेवढा लख्ख दिसायचा. हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. वाऱ्याच्या वासावर आणि गुडघ्याच्या कळीवर ती कसंबसं निभावून न्यायची.

माघाच्या शेवटी हैदराबादेहून शहादेव आला. वेधशाळेत तो मदतनीस होता आणि ढगांच्या तसबिरी काढायला सरकारनं त्याला जिल्ह्यात धाडलं होतं. पश्चिमेला क्षितिजापर्यंत आडकाठी नाही म्हणून भिवराबाई घोंगडीचे उभे धागे, म्हणजे ताणा, जिथं ताणायची त्या जागेशेजारीच त्यानं कॅमेऱ्याची तिकाटी रोवली. आभाळ नुसतं काढलं तर ढग त्यात विरघळून जातात, म्हणून तो भिंगावर पिवळी काच चढवायचा.

"सायब, आभाळाला कावीळ झाली का काय?" भिवराबाईनं पहिल्याच दिवशी विचारलं.

"मावशी, साहेब नका म्हणू. मी पाटोद्याचाच."

"मग लेका, पाटोद्याला आभाळ न्हवतं व्हय?"

त्याच्याजवळ वेधशाळेचा एक पुठ्ठा होता. बारा तसबिरी, प्रत्येकीखाली ढगाचं नाव आणि त्यापासून काय समजायचं ते. एका दुपारी त्यानं तो तिच्या हातात दिला. भिवराबाईनं पुठ्ठा उचलला आणि थेट नाकाला लावला. शहादेवला वाटलं, ती वास घेतेय.

पण तिच्या डोळ्यांसमोर आभाळ उघडलं होतं. दोन वर्षांनी. ती हळूहळू पुठ्ठा सरकवत गेली, जणू माळावरून चालत होती.

"ही पिंजलेली लोकर," ती पहिल्या तसबिरीवर बोट ठेवून म्हणाली. "लई उंच असतीय. नुसती लोकर दिसली तर काय न्हाई. पर ती दाट व्हत गेली, मग सूर्व्याभवती असं गोल खळं पडलं, की दिसा-दोन दिसांत पानी."

शहादेवनं खालचा मजकूर वाचला. तेच लिहिलं होतं.

"ह्यो कापसाचा ढीग. बूड सपाट, डोकं ठेंगणं. दुपारी येतोय, सांजंला जातोय. गरीब हाय बिचारा. पर ह्योच ढीग डोंगरावानी चढला आन् वर ऐरणीसारखा पसरला, तर गुरं आत बांधायची."

त्या रात्री शहादेवनं तिचे सगळे शब्द वहीत उतरवून घेतले. तिला मात्र झोपेत पांढरी लोकर दिसत राहिली, आणि लोकरीखालून चालणारा म्हाळू. म्हाळू तिचा नवरा. तो गेल्यावर कळप विकावा लागला, पण विकण्याआधी कातरलेली काळी लोकर तिनं ठेवून घेतली होती. वर्षभर कातून तिचा एक ताणा झाला होता. म्हाळूच्या मेंढरांची ही शेवटची घोंगडी होणार होती.

होळी आठ दिवसांवर असताना तिनं तो ताणा खळीला काढला. चिंचोक्यांची खळ रात्रीच शिजवून ठेवली होती. खळ लावलेला धागा उन्हात पुरा वाळला पाहिजे. अर्धवट वाळल्यावर पाणी पडलं की खळ धुऊन जाते, धागे एकमेकांना मिठी मारतात आणि ताणा वाया जातो. फिरून लावायला लोकर नव्हती.

सकाळी ती सहज विचारावं तसं शहादेवला म्हणाली, "कसं दिसतंय रं तुज्या काचंतून?"

शहादेव डोक्यावरच्या आभाळाकडे पाहत म्हणाला, "ढगांची मेंढरं पसरलीत, मावशी. लहान लहान, पांढरी. पुठ्ठ्यावरची पाच नंबर. हवा चांगली."

तिनं कपाळावर हात धरला. दूध, नुसतं दूध. गुडघा ठणकत होता, पण गुडघा काय, रोजच ठणकतो.

शेजारचा आसाराम कुंचा घेऊन आला होता. "काय म्हनतंय आभाळ, वहिनी?"

"लाव खळ," ती म्हणाली.

पंधरा हातांचा ताणा खुंट्यांवर ताणून दोघांनी खळ लावली. शहादेवनं पश्चिमेकडचं आभाळ कॅमेऱ्यातल्या तसबिरीच्या काचेवर घेतलं आणि चावडीतल्या अंधाऱ्या खोलीत जाऊन ती काच औषधात धुतली, स्पिरिटानं लवकर वाळवली, खाली कागद ठेवून उन्हात धरली. दीडेक तासानं तो तसबीर घेऊन हसत आला.

"बघा तुमची मेंढरं."

भिवराबाईनं खळीचे हात लुगड्याला पुसले आणि तसबीर नाकाजवळ नेली. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत ती सरकवली.

"ही डोक्यावरची न्हाईत?"

"नाही, ती लांबची, क्षितिजाजवळची. ढग तेच. डोक्यावरचे खालून दिसतात, हे बाजूनं."

"लेका, मेंढरू चरताना मान खाली घालतंय. ही बघ. बुडं एका रेघंत, फळीवर ठेवल्यावानी. आन् डोकी? समद्यांनी माना वर केल्यात. कायतरी येतंय म्हनून मेंढरं अशी हुबी ऱ्हात्यात."

शहादेवनं पुठ्ठा काढला. पाच नंबरचे ढग गोल होते, चपटे. त्याची नजर सातवर गेली. सपाट बुडांची रांग, वर किल्ल्याच्या बुरुजांसारखे उंचवटे. खाली लिहिलं होतं: सकाळी दिसल्यास वरची हवा अस्थिर समजावी; दुपारनंतर गडगडाटी पावसाचा संभव.

त्याचं तोंड उतरलं. "मावशी, मी खालूनच पाहिलं. चुकलं माझं. पण तुम्ही तर सकाळी स्वतः—"

"मला दिसत न्हाई," भिवराबाई म्हणाली.

आसारामच्या हातातला कुंचा थांबला. "कवापासनं?"

"दोन साल झाली. नाकाम्होरलं तेवढं दिसतंय."

"आन् माजी मळणी? संक्रांतीची?"

"ती गुडघ्यानं सांगितली."

आसाराम मोठ्यानं हसला. "गुडघा लई हुशार हाय की! आता सांग, ह्याचं काय करायचं? वला ताणा गुंडाळला तर चिकटून बसंल."

"गुंडाळायचा न्हाई. ताणूनच न्यायचा."

आसारामनं चार माणसं हाकारली. दोन्ही टोकांचे दांडे खांद्यावर घेऊन, मधे काठ्यांचा आधार देऊन, तो काळा ओला ताणा पालखीसारखा गणपतीच्या देवळाकडे निघाला. भिवराबाई धाग्यावर बोटं टेकवून बाजूनं चालत होती. तिला वाट दिसत नव्हती. वाट धागाच दाखवत होता. माळावर ऊन चढलेलं, वारा पडलेला, आणि तिला वाटलं, कळप पुढं चाललाय, म्हाळू मागून येतोय, कुणालाच घाई नाही.

देवळाच्या लांब ओवरीत या खांबापासून त्या खांबापर्यंत ताणा बांधला. दुपार कलली तेव्हा पश्चिमेला ढगाचा डोंगर चढला आणि त्याचा माथा ऐरणीसारखा सपाट पसरला. मग गडगडाट झाला. बोराएवढ्या गारा माळावर उड्या मारू लागल्या. जिथं सकाळी ताणा होता तिथल्या खुंट्या पांढऱ्यात बुडाल्या.

ओवरीत ताणा हळूहळू वाळत होता. भिवराबाईनं एकेक धागा बोटांनी सुटा करून पाहिला. मिठी कुठंच नव्हती.

शहादेव पायरीशी तिकाटी मांडून बसला होता. गारा सुरू व्हायच्या आत त्यानं तो डोंगर काचेवर घेतला होता.

"मावशी, उद्यापासून आसारामभाऊंना काय सांगणार?"

"काय सांगायचं? तू हितं हायस तवर रोज एक आभाळ आनून दे. तू गेल्यावर आसारामचे डोळे. त्यो बघंल, मी इचारीन. मान वर हाय का खाली, एवढं तर त्याला कळंल."

"कळंल की," आसाराम म्हणाला. "पर चुकलं तर गुडघ्याला इचारू."

भिवराबाईनं हात पुढं केला. "ऐरणीचा वाळला का रं कागद? आन हिकडं."

"अजून काचच धुतली नाही, मावशी."

"मग धू की. मी हाय बसलेली."