सैन्य उद्या काय करणार?

माझ्या आयुष्यात मी एकदाच एका मुख्याध्यापकाला खडू हातात धरून गप्प उभं राहिलेलं पाहिलंय. त्या दृश्यासाठी मी नोकरी घालवली. तो सौदा मला आजही वाईट वाटत नाही. राग मात्र आजही येतो, आणि तो त्यांच्यापेक्षा दुसऱ्याच कुणावर येतो. ते शेवटी सांगते.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. हिंगणघाटच्या एका खाजगी हायस्कुलात मी मराठी शिकवत होते. दोन वर्षं तात्पुरती, मग मुख्याध्यापकांच्या अहवालावरून संस्था कायम करणार, असा नियम होता. दुसरं वर्ष चालू होतं. नवरा जिनिंगमध्ये कारकून. कापसाचा हंगाम संपला की त्याच्या मालकाचा चेहरा बघूनच आमच्या घरी भाजी ठरायची. त्यामुळे मी कायम होणं ही आमच्या घरातली सगळ्यात मोठी गोष्ट होती. सासूबाई तर शेजारणीला 'आमची सून परमनंट होऊन राह्यली' असं वर्षभर आधीपासूनच सांगत होत्या.

मुख्याध्यापक गणिताचे. उंच, स्वच्छ धोतर, कोट, आणि आवाज असा की बाहेर फाटकाशी असलेला भेळवाला सावरून बसायचा. ते गणित उत्तम शिकवत, हे मी मान्य करते. दुःख एवढंच होतं की त्यांना व्याकरणही येतं असं त्यांना वाटायचं. सहामाहीच्या आधी त्यांनी सातवीच्या सगळ्या तुकड्यांसाठी एक पत्रक काढलं, सायक्लोस्टाईल केलेलं, निळ्या शाईचा वास येणारं. त्यात एक नियम होता: 'समूहवाचक नामात अनेक व्यक्ती असतात, म्हणून त्याचे क्रियापद अनेकवचनी असते.' खाली उदाहरण: 'सैन्य आले.' आणि कंसात पुरावा: 'आले, म्हणून अनेकवचन.'

मी ते वाचलं आणि कपाळाला हात लावला. आमच्याकडे बोलताना आम्ही 'लोकं आले', 'पोरं आले' म्हणतो. 'आले' कानावर पडलं की वऱ्हाडी माणसाला पुष्कळ जण दिसतात. पण बोलताना आम्हीच 'सैन्य आलं' म्हणतो, 'लेकरू आलं' म्हणतो तसंच. पुस्तकात तेच 'आलं' लिहिताना 'आले' होतं, आणि ते 'लोक आले'मधल्या 'आले'सारखंच दिसतं. लिहिलेलं सारखं, वचन वेगळं. सैन्य नपुंसकलिंगी आणि एक. लोक पुल्लिंगी आणि अनेक. सरांनी ते छापील 'आले' वऱ्हाडी कानाने वाचलं आणि त्यावर नियमाची इमारत चढवली.

मी भेटायला गेले. अगदी नम्रपणे, पदर सावरून.

"सर, सैन्य हा शब्द एकवचनी आहे. सैन्य लढतं, सैन्य जिंकतं."

"सैन्यात किती माणसं असतात, बाई?"

"पुष्कळ."

"मग पुष्कळ माणसं लढते का लढतात?"

"माणसं लढतात, सर. सैन्य लढतं."

"म्हणजे माणसं काढून घेतली की सैन्य उरतं?" ते हसले. पाढा चुकलेल्या पोराला हसावं तसं. "पाच आंबे म्हणजे पाच. टोपलीत ठेवले म्हणून एक होत नाही."

"टोपली एक होते, सर. 'टोपली पडली' म्हणतो आपण. 'टोपली पडले' नाही म्हणत."

त्यांनी घंटा वाजवून शिपायाला बोलावलं. मी बाहेर आले तेव्हा शिपाई म्हणाला, "मॅडम, काऊन भांडून राह्यल्या? ते तपासणीच्या साहेबाचंच ऐकत नाई, तुमचं काय ऐकन?"

सहामाहीत त्यांनी स्वतः प्रश्न काढला. शत्रूचे सैन्य सीमेवर आहे की आहेत. आमचे कुटुंब हिंगणघाटला राहते की राहतात. गावातील लोक शेतावर जातो की जातात. माझ्या तुकडीने सैन्य आहे, कुटुंब राहते, लोक जातात असं लिहिलं. मी पूर्ण गुण दिले. सरांनी पेपर मागवून घेतले, लाल शाईने माझ्या लाल शाईवर काट मारली, आणि दोन-दोन गुण कापले. एका मुलीने माझ्यासमोर पेपर धरून विचारलं, "बाई, आमचं कुटुंब राहतात?" तिच्या तोंडून ते ऐकताना मला असं वाटलं की कुणीतरी माझ्या घरात शिरून भांडी फोडतंय.

मग मी शिक्षकखोलीत तोंड सोडलं. आणि इथे ऐका. एकेकाने येऊन मला सांगितलं. ड्रॉइंगचे सर म्हणाले, "मॅडम, तुमचंच बरोबर हाय. पण त्याईले कोन सांगन?" भूगोलाच्या बाई म्हणाल्या, "अगं, मी स्वतः 'कुटुंब राहते'च शिकले." संस्कृतचे पंडित म्हाताऱ्या मांजरासारखे डोळे मिटून म्हणाले, "नियम चुकीचा आहे, निःसंशय." हिंदीच्या बाई म्हणाल्या, "हिंदीतसुद्धा सेना आती है, आती हैं नाही." खोलीतला प्रत्येक माणूस माझ्या बाजूचा होता. मी खुश झाले. खुळी होते मी.

घरी नवऱ्याला सगळा प्रसंग करून दाखवला, दोन्ही आवाजांत. तो जेवता जेवता म्हणाला, "तुले नोकरी पाह्यजे का व्याकरण?"

"दोन्ही."

"एक सांग."

मी भाकरी वाढली. तो प्रश्न मात्र पुढे आठवडाभर माझ्याबरोबर शाळेत चालत गेला.

फेब्रुवारीत वर्ध्याहून तपासणीचे साहेब येणार होते. माझा आदर्श पाठ ठरला. विषय सरांनीच दिला: समूहवाचक नाम. वर ऑफिसात बोलावून सांगितलं, "पत्रकाप्रमाणे घ्या. अहवाल मीच लिहिणार आहे, हे लक्षात असू द्या." त्या वाक्यात धमकी अशी नव्हतीच, दूधवाल्याने उद्या येणार नाही म्हणावं, तितक्या सहज ते बोलले. म्हणूनच माझं डोकं फिरलं. पायऱ्या उतरताना मी ठरवलं. पत्रकाप्रमाणे पाठ घ्यायचा नाही.

त्या दिवशी साहेब मागच्या बाकावर बसले. छोटा, गोल, चष्मा पुसत राहणारा माणूस. शेजारी मुख्याध्यापक. मागच्या भिंतीला टेकून शिक्षक उभे, कारण आदर्श पाठ सगळ्यांनी पाहायचा असतो.

मी फळ्यावर लिहिलं: सैन्य, फौज, लोक, कुटुंब, वर्ग. मुलांना विचारलं, फौज आली का आल्या? "आली," सगळे म्हणाले. फौजेत किती माणसं? "पुष्कळ." मग आल्या का नाही? एक जण उठला: "बाई, फौज एकच हाये ना." मी फळ्याकडे पाठ केली आणि त्याच्याकडे राणीने सरदाराकडे पाहावं तसं पाहिलं. मग पुढे: वर्ग बसला, लोक बसले, कुटुंब राहते. शब्दाचं लिंग आणि वचन बघायचं, आतली डोकी मोजायची नाहीत.

साहेबांनी मान हलवली आणि मध्येच विचारलं, "आणि मंडळी?"

आता मंडळी हा नाठाळ शब्द आहे. मी खरं ते सांगितलं. मंडळी स्त्रीलिंगी एकवचनी, म्हणून 'मंडळी जमली आहे' बरोबर. पण लोकांच्या तोंडी 'मंडळी जमली आहेत' हेही पक्कं बसलंय, घरची मंडळी काळजी करतात असं आपण सगळेच म्हणतो. ते चूक म्हणवत नाही.

मुख्याध्यापकांना तेवढंच हवं होतं. ते उठून पुढे आले. "म्हणजे बाई स्वतःच कबूल करतात, समूह अनेकवचनी." माझ्या हातातून खडू घेतला आणि फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं: 'सैन्य आले.' 'आले'खाली दोन रेघा मारल्या. "आले. हे काय आहे? अनेकवचन. विषय संपला."

वर्ग माझ्याकडे बघत होता. दोन गुण गेलेली ती मुलगीही. मला सासूबाईंची शेजारीण आठवली, नवऱ्याचं ताट आठवलं. आणि माझा आवाज, मी शपथेवर सांगते, लोण्यासारखा निघाला.

"बरं सर. काल सैन्य आले. उद्या सैन्य काय करणार?"

"उद्या? उद्या सैन्य येईल," सर म्हणाले.

"आणि लोक?"

"लोक येतील."

खडू हातात धरून सरांनी फळ्याकडे पाहिलं. ओठ हलले, ते मनात पुन्हा म्हणून बघत होते. सैन्य येतील. कुणाच्याही तोंडात ते बसत नाही. त्यांच्याही बसेना. मग एक पोरगा खुदकन हसला, आणि सगळा वर्ग हसला. साहेबांनी चष्मा काढून रुमालात तोंड लपवलं. मी हसले नाही. मी फक्त हात पुढे केला आणि खडू परत मागितला.

साहेबांनी पाठ उत्तम असा शेरा दिला, मुलांचे गुण परत करा असं तोंडी सांगितलं, आणि जीपमध्ये बसून गेले.

आठवड्याने मुख्याध्यापकांनी शिक्षकांची सभा बोलावली. माझ्याबद्दलचा विषय होता: वरिष्ठांचा वर्गासमोर अपमान. "बाईंचं व्याकरण कच्चं आणि वागणूक उद्धट, असं मी अहवालात लिहितो आहे," ते म्हणाले. "कुणाला काही म्हणायचं असेल तर आत्ता म्हणा."

मी एकेकाकडे पाहिलं. ड्रॉइंगचे सर नखातला रंग काढत होते. भूगोलाच्या बाई खिडकीतून वेणा नदीकडे जाणारा रस्ता बघत होत्या. पंडितांनी डोळे मिटले होते, या वेळी झोप लागल्यासारखे. हिंदीच्या बाईंना पाण्याचा ग्लास सापडत नव्हता. वर्गातल्या मुलांना जे समजलं, ते या प्रत्येकाला समजलेलं होतं. प्रत्येकाने वेगवेगळं येऊन मला सांगितलेलं होतं.

मे महिन्यात माझ्या हाती पत्र आलं, की पुढील वर्षापासून सेवेची आवश्यकता नाही. सासूबाईंनी शेजारणीला काय सांगितलं ते मी विचारलं नाही. जूनमध्ये मला वर्ध्याला एका शाळेत जागा मिळाली, पुन्हा तात्पुरती, पुन्हा पहिल्यापासून. रोज एसटीने जायचे. नव्या शाळेत सातवीला समूहवाचक नाम आलं, तेव्हा एका मुलीने विचारलं की गटाला एकवचन का, त्यात तर सगळे असतात.

मी तिला फळ्यावर एकच वाक्य लिहून दिलं. वाक्य खरं होतं, आणि लिहिताना हात इतका दाबला गेला की खडू मोडला:

'सभेत शिक्षकवर्ग गप्प बसला.'