पश्चिमेच्या भिंतीचं भाषण

जगात माणसं पाहून घरं बांधणारे पुष्कळ असतील. पण माणसं मोजून घर बांधणारा एकच, माझा कॉलेजातला खोलीमित्र. आमच्या घराण्यात पहिला पदवीधर मी, आणि नांदुऱ्यात नोकरी लागल्यावर पहिलं पक्कं घर आमचंच. नकाशा काढायला हा आर्किटेक्ट आला तो थेट आईसमोर जमिनीवर बसला. "काकू, गहू निवडता तशा बसा," म्हणाला आणि टेपने जमिनीपासून तिच्या डोळ्यांची उंची घेतली. आई लाजून म्हणाली, "हा काय शिंपी हाय का रे?" लग्नाच्या पंगतीतही तो पाटांमधलं अंतर मोजायचा, वाढपी पुढे निघून जायचे आणि हा उपाशी राहायचा.

वास्तुशांत वैशाखात झाली. रस्ता पश्चिमेला, आणि नेमकी तिकडेच खिडकी नाही! मामा मोठ्याने बाबांना म्हणाले, "जावई, गोदाम बांधलं का हो?" बाबांचा चेहरा उतरला. जन्मभर कुडाच्या घरात राहून त्यांनी हे घर उभं केलं होतं, ते चार लोकांनी पाहावं म्हणून. त्यांनी लगेच गवंड्याला पहार घेऊन बोलावलं. "जेवणं झाले की भिंत फोड," ते म्हणाले.

माझ्या मित्राने ते ऐकलं, आणि पंगत मांडलेली असताना भाषणाला उभा राहिला. अर्धा तास! पायऱ्या साडेपाच इंचांच्या का, तर काकूंचे गुडघे. पूर्वेची खिडकी जमिनीपासून दीड फुटावर का, तर काकू बसून काम करतात, त्यांना अंगण दिसावं. दक्षिणेच्या खिडकीवरचा छज्जा दोन फूट का, तर उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर असतो, ऊन अडतं. हिवाळ्यात तो खाली उतरतो, तेव्हा छज्ज्याखालून ऊन आत येतं.

"आन् हे आंधळी भित?" बाबांनी विचारलं.

"काका, दुपारनंतरचं सगळं ऊन तिच्यावर येतं. म्हणून तिला लागून कोठी, न्हाणी आणि जिना. ताप त्या खोल्यांनी घ्यायचा, तुम्ही नाही. वर झरोके आहेत, गरम हवा तिथून निघून जाईल."

"वरण थंडं होऊन राह्यलं, साहेब," मामा म्हणाले.

"फक्त हात लावून पाहा, काका. मग फोडा."

दुपारचे तीन वाजले होते. बाबांनी बाहेरून भिंतीला हात लावला आणि चटकन मागे घेतला. मग मधल्या खोलीत जाऊन कोठीकडच्या भिंतीवर तळहात टेकवला. ती गार होती. त्यांनी दुसराही टेकवला. बाहेर येऊन गवंड्याला म्हणाले, "पहार ठेव बाजूले. जेवून घे."

मामा हसले, "काऊन? गोदामच पसंत पडलं का?"

"हाव," बाबा म्हणाले, "माल चांगला हाय आतमधी."

जेवणं उरकली तशी मित्राने घाईने गाडी गाठली. मी निरोप देऊन परतलो, तर बाबा मधल्या खोलीत नुसत्या फरशीवर गाढ झोपले होते. वैशाखाच्या दुपारी झोपलेले बाबा मी जन्मात पहिल्यांदा पाहिले. मित्र पुढे दूर कुठे गेला, पत्रं थांबली. एवढं मात्र त्याला कळवायचं राहून गेलं.